पहिला चेक फाडण्याआधी कागद मागा. आणि हो, काम झाल्यावर मागू नका!

मंडळी, पावसाळा संपला की आपल्याकडे सोसायट्यांच्या रंगकामाचा आणि वॉटरप्रूफिंगचा सीझन सुरू होतो. परांच्या बांधल्या जातात, कोटेशन्स येतात, मीटिंगमध्ये रंगाच्या शेडवरून दोन दोन तास भांडणं होतात. क्रीम घ्यायचा की ऑफ व्हाइट यावर प्रत्येकाला मत असतं. पण ज्या माणसाला आपण सहा-सात लाख रुपये देणार आहोत, त्याचा पॅन कुणी पाहिला का, त्याचा जीएसटी नंबर चालू आहे का आणि पैसे नेमके कुणाच्या खात्यात जाणार आहेत, हे तीन प्रश्न विचारले की मीटिंगमध्ये शांतता पसरते. आणि मग एक ठरलेलं वाक्य येतं, "अहो, ओळखीतला आहे, कशाला त्याला कागद मागायचे?"

या वाक्याविरुद्धच आजची पोस्ट आहे. थोडी मोठी आहे, पण तुमच्याच मेंटेनन्सच्या पैशांबद्दल आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

माझं म्हणणं सरळ आहे. नवीन ठेकेदाराला पहिला रुपया देण्याआधी पॅन, जीएसटीचं सर्टिफिकेट आणि कॅन्सल चेक हातात पाहिजे, आणि नुसता फाइलला लावलेला नाही तर तपासलेला पाहिजे. पहिल्या पेमेंटच्या आधी. दुसऱ्या हप्त्याला नाही, फायनल बिलाला तर नाहीच.

पहिल्याच का? कारण अॅडव्हान्स हातात पडेपर्यंत ठेकेदाराला आपली गरज असते. तोपर्यंत तुम्ही मागाल तो कागद संध्याकाळपर्यंत व्हॉट्सअॅपवर येतो. एकदा का तीस टक्के त्याच्या खिशात गेले आणि बिल्डिंगला परांची लागली, की गरज आपली होते. मग "साहेब, सीए गावाला गेलाय", "पॅन कार्ड घरी राहिलंय", "पुढच्या आठवड्यात देतो" असं सुरू होतं. अर्धवट खरवडलेली भिंत आणि वर पावसाची भीती असताना कुठला खजिनदार कागदासाठी काम थांबवेल? कुणीच नाही.

आता नेहमीचं एक उदाहरण घेऊ आणि आकड्यांनिशी बघू.

७२ फ्लॅटची सोसायटी आहे. बाहेरून रंगकामाचं कोटेशन आलं ६ लाख रुपये, अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,०८,००० रुपये. एकूण ७,०८,०००. अॅडव्हान्स ३० टक्के ठरला, म्हणजे १,८०,००० आणि त्यावरचा जीएसटी ३२,४००. असे २,१२,४०० रुपये मागितले गेले. कोटेशनच्या खाली एक मोबाइल नंबर आहे आणि शेजारी लिहिलंय, "या नंबरवर टाका". बऱ्याच ठिकाणी पुढे काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. खजिनदार मोबाइल काढतो, नाहीतर चेकबुक काढतो, आणि विषय संपतो.

आता यात कुठे कुठे खड्डे आहेत ते एकेक बघू.

पहिला खड्डा : जीएसटीचा.

कोटेशनवर जीएसटी नंबर छापलेला आहे म्हणून तो खरा असतो असं नाही. खरा असला तरी चालू असेलच असं नाही. आणि चालू असला तरी तो याच माणसाचा असेल असंही नाही. मेव्हण्याच्या फर्मचा नंबर स्वतःच्या लेटरहेडवर छापलेले महाभाग मी बिलांच्या फाइलींमध्ये पाहिले आहेत. सोसायट्यांचे हिशेब लिहिण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, त्यामुळे हे ऐकीव नाही.

तपासायला दोन मिनिटं लागतात आणि एक रुपयाही लागत नाही. जीएसटीच्या सरकारी साइटवर `Search Taxpayer` असं असतं, त्याला लॉगिन लागत नाही. तिथे नंबर टाकला की नाव, धंद्याचं नाव, नोंदणीची तारीख आणि नंबर चालू आहे की रद्द झालाय हे समोर येतं. `Cancelled` किंवा `Suspended` असं दिसलं तर तिथेच थांबायचं आणि ठेकेदाराला विचारायचं. रिटर्न भरलेत का याचीही यादी तिथेच दिसते. वर्षभर रिटर्नच नाही असं दिसलं तर आपण दिलेला जीएसटी सरकारकडे जाईल याची खात्री कुणी द्यायची?

कुठलीही साइट न उघडता एक गोष्ट नुसत्या डोळ्यांनी कळते. जीएसटी नंबर १५ अक्षरी असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे 27 आणि गोव्याचे 30. त्यापुढची १० अक्षरं म्हणजे त्या धंद्याचा पॅन. समजा पॅन `AAAPP0000A` असेल, तर जीएसटी नंबर `27AAAPP0000A1Z5` असा काहीतरी दिसेल. म्हणजे पॅनची झेरॉक्स आणि जीएसटी नंबर शेजारी ठेवले की मधली दहा अक्षरं जुळलीच पाहिजेत. जुळली नाहीत तर समजायचं की नंबर दुसऱ्याच कुणाचा आहे. (पॅन नमुन्यासाठी बनवलेला आहे, कुणाचा शोधत बसू नका.)

आता कुणी म्हणेल, जीएसटी खोटा निघाला तर सोसायटीचं काय गेलं? अहो, सगळंच गेलं. कंपनीला भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट तरी मिळतं. बहुतेक छोट्या सोसायट्या जीएसटीत नोंदणीकृतच नसतात, त्यांना क्रेडिट वगैरे काही नाही. दिलेला जीएसटी हा निव्वळ खर्च. तो सरकारकडे गेला तर ठीक, ठेकेदाराच्या खिशात गेला तर तुम्ही त्याला १,०८,००० रुपये बक्षीस दिलेत. भागिले ७२ करा. प्रत्येक फ्लॅटमागे १,५०० रुपये. याच सोसायटीत पार्किंगच्या दीडशे रुपयांवरून तीन मीटिंगा होतात!

आणि याची उलटी बाजूही लक्षात घ्या. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर आपल्या राज्यात त्याला सहसा जीएसटी नोंदणी लागतच नाही. त्यामुळे "माझ्याकडे जीएसटी नाही" म्हणणारा पेंटर चोर नसतो. त्याने फक्त तसं एका कागदावर सहीनिशी लिहून द्यायचं, आणि बिलात जीएसटी लावायचा नाही. चोर तो, जो नोंदणी नसताना १८ टक्के लावतो. कंपोझिशनमध्ये असलेल्यालाही बिलात वेगळा जीएसटी घेता येत नाही, आणि तो कंपोझिशनमध्ये आहे हेही त्याच साइटवर दिसतं.

दुसरा खड्डा : टीडीएसचा.

सहकारी सोसायटी असेल तर ठेकेदाराच्या पेमेंटवर टीडीएस कापावा लागतो, हे आजही कितीतरी कमिटी मेंबरांना माहीत नाही. एका वेळचं पेमेंट ३०,००० च्या वर किंवा वर्षाचं मिळून एक लाखाच्या वर गेलं की नियम लागू. ठेकेदार एकटा माणूस असेल तर १ टक्का, फर्म किंवा कंपनी असेल तर २ टक्के. आणि पॅन दिला नाही तर सरळ २० टक्के.

इथेच खरी मेख आहे. टीडीएस बिलाच्या वेळी कापू असं चालत नाही. बिल नोंदवणं किंवा पैसे देणं यातलं जे आधी होईल तेव्हा कापायचा असतो. म्हणजे अॅडव्हान्स दिला त्याच दिवशी. म्हणून पॅन पहिल्या पेमेंटच्या आधी पाहिजे. ही खजिनदाराची हौस नाही, कायद्याची रचनाच तशी आहे.

आपल्या उदाहरणात पेंटर एकटा मालक आहे. जीएसटी वेगळा दाखवला असेल तर टीडीएस मूळ रकमेवर, म्हणजे १,८०,००० वर १ टक्का, १,८०० रुपये. ठेकेदाराला गेले २,१०,६००, आणि १,८०० रुपये पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत सोसायटीने आपल्या टॅनवर सरकारकडे भरायचे. ठेकेदाराचे हे पैसे बुडत नाहीत, त्याच्या पॅनवर जमा होतात आणि रिटर्न भरताना वजा होतात.

आता पॅन नसेल तर? १,८०,००० चे २० टक्के, ३६,००० रुपये कापायचे. कुठला ठेकेदार ते कापू देईल? म्हणून मग कापतच नाहीत, पूर्ण रक्कम देऊन मोकळे होतात. आणि दोन वर्षांनी खात्याचं पत्र येतं ते ठेकेदाराला नाही, सोसायटीला. न कापलेला कर आणि त्यावर दर महिन्याचं व्याज. तोपर्यंत कमिटी बदललेली, ठेकेदाराचा फोन बंद, आणि नवा खजिनदार डोक्याला हात लावून बसलेला. पॅनचं एक अक्षर चुकलं किंवा पॅन आधारशी न जोडल्यामुळे बंद पडलेला असला तरी असंच पत्र येऊ शकतं. म्हणून पॅन तोंडी सांगितलेला चालत नाही. झेरॉक्स घ्या आणि चालू आहे का हे आपल्या सीएकडून तपासून घ्या.

पॅनमध्येच अजून एक खूण आहे. चौथं अक्षर P असेल तर ती एक व्यक्ती, F असेल तर भागीदारी फर्म, C असेल तर कंपनी. कोटेशनवर मोठ्या अक्षरात "प्रायव्हेट लिमिटेड" आणि पॅनचं चौथं अक्षर P, असं दिसलं तर लेटरहेड एकाचं आणि माणूस दुसरा आहे हे ओळखा.

तिसरा खड्डा : खात्याचा. आणि हा सगळ्यात खोल आहे.

आपल्याकडे एक ठाम गैरसमज आहे की एनईएफटी करताना नाव चुकलं तर पैसे परत येतात. तसं धरून चालू नका. पैसे खाते नंबर बघून जमा होतात. नावाच्या रकान्यात तुम्ही काहीही लिहा, नंबर चालू असेल तर रक्कम त्या खात्यात जाऊन बसते. एक आकडा चुकला आणि तो नंबर दुसऱ्या कुणाचा निघाला तर पुढचे कित्येक महिने बँकेच्या फेऱ्या.

याच कारणासाठी रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२४ मध्ये बँकांना सांगितलं की एनईएफटी आणि आरटीजीएस करण्याआधी खातेदाराचं नाव बघण्याची सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत द्या. म्हणजे खाते नंबर आणि आयएफएससी टाकल्यावर बँकेच्या नोंदीतलं नाव तुम्हाला आधीच दिसतं. सोय आहे, पण किती खजिनदार ते नाव वाचतात? वाचा. आणि ते नाव पॅनवरच्या किंवा जीएसटी सर्टिफिकेटवरच्या नावाशी जुळतंय का ते बघा. एकट्या मालकाचा धंदा असेल तर खातं त्याच्या स्वतःच्या नावाने असेल किंवा दुकानाच्या नावाने असेल. जीएसटीच्या साइटवर `Legal Name of Business` आणि `Trade Name` अशी दोन्ही नावं दिसतात, त्यातलं कुठलंही चालेल. पण तिसरंच नाव चालणार नाही. बायकोचं नाही, साडूचं नाही, "आमचा सुपरवायझर आहे हो" त्याचं तर नाहीच.

का नाही? उद्या काम अर्धवट टाकून माणूस पळाला आणि तुम्ही कोर्टात गेलात, तर तो सांगेल मला एक रुपया मिळालेला नाही. बँकेचं स्टेटमेंट त्याच्याच बाजूने बोलेल. वर टीडीएस एकाच्या पॅनवर आणि पैसे दुसऱ्याच्या खात्यात, हा घोळ निस्तरायचा कुणी?

कॅन्सल चेक यासाठीच मागायचा. त्यावर नाव, खाते नंबर आणि आयएफएससी छापील असतात. हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत ७ चा १ होतो, छापील चेकमध्ये होत नाही. नाव न छापलेला चेक असेल तर सोबत पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत घ्या. मग एक रुपया पाठवा आणि ठेकेदाराला फोन करून विचारा की आला का. आला म्हणाला की मगच मोठी रक्कम सोडा.

पण एक लक्षात ठेवा. एक रुपया पोचला याचा अर्थ खातं चालू आहे एवढाच. ते खातं खरंच त्याचं आहे हे त्यातून सिद्ध होत नाही. आजकालची फसवणूक अशी होते. सगळे कागद नीट आलेले असतात, आणि पेमेंटच्या आदल्या दिवशी मेसेज येतो, "आमच्या खात्याचं ऑडिट चालू आहे, कृपया या नवीन खात्यात पाठवा". फोटो तोच, भाषा तीच, नंबर मात्र वेगळा किंवा फोन हॅक झालेला. अशा वेळी मेसेजमधल्या नंबरवर फोन करून खात्री करायची नसते, कारण तिथे चोरच उचलणार. पहिल्या दिवशी कोटेशन देताना जो नंबर लिहून घेतला त्यावर फोन करायचा, नाहीतर माणसाला समोर बोलावायचं. खातं बदलायचं असेल तर नवा कॅन्सल चेक आणि सहीचं पत्र. अपवाद नाही. आणि पैसे गेलेच तर वाट न बघता लगेच 1930 ला फोन करा, तिथे पहिल्या काही तासांनाच किंमत असते.

आता येऊ "ओळखीतला आहे" या मुद्द्यावर.

मला सांगा, तुम्ही ओळखता म्हणजे नेमकं काय ओळखता? चेहरा ओळखता, गाव ओळखता, शेजारच्या बिल्डिंगचं काम त्याने बरं केलं हे ओळखता. त्याचा जीएसटी गेल्या मार्चमध्ये रद्द झाला हे चेहऱ्यावर लिहिलेलं असतं का? कागद मागणं म्हणजे अविश्वास हे डोक्यातून काढून टाका. बँक तुमच्याकडे दर काही वर्षांनी केवायसी मागते तेव्हा तुम्ही मॅनेजरशी नातं तोडता का? आणि पैसे तुमच्या घरचे असते तर ओळखीवर दिलेत तरी माझी तक्रार नव्हती. हे पैसे ७२ घरांचे आहेत. तुमची ओळख त्यातल्या ७१ जणांना लागू होत नाही.

दुसरा आक्षेप मला जास्त प्रामाणिक वाटतो. "कागदांच्या नादात गरीब कारागीर मागे पडतो आणि मोठ्या कंपन्यांचं फावतं." बरोबर आहे, असं होतं. पण ते कागद मागितल्यामुळे होत नाही, चुकीचे कागद चुकीच्या वेळी मागितल्यामुळे होतं. आणि इथे मला आपल्या कमिट्यांचेही कान धरायचे आहेत.

काही ठिकाणी काम पूर्ण होईपर्यंत कुणी काही मागत नाही. मग बिल आलं की एकेक कागद आठवतो. आज पॅन, आठ दिवसांनी कॅन्सल चेक, मग "जीएसटीवरचा पत्ता आणि बिलावरचा पत्ता वेगळा का?", मग तीन वर्षांचे बॅलन्स शीट! परांची उतरली, मजुरांचे पैसे त्याने पदरचे दिले, आणि याचं बिल दोन महिने "डॉक्युमेंट पेंडिंग" म्हणून ड्रॉवरमध्ये. अहो, ही दक्षता नाही. पैसे दाबून ठेवायची सभ्य पद्धत आहे ही. कागद नव्हते तर वर्क ऑर्डर दिलीच कशी? काम करून घेताना चालला, पैसे देताना बरा संशय आला!

म्हणून नियम दोन्ही बाजूंना बांधणारा हवा. कोटेशन मागतानाच खाली चार ओळी छापा : पॅनची प्रत, जीएसटी सर्टिफिकेट किंवा नोंदणी लागू नसल्याचं सहीचं पत्र, कॅन्सल चेक, आणि खात्री करायचा फोन नंबर. बस्स. याशिवाय काही मागायचं नाही, आणि हे आल्याशिवाय वर्क ऑर्डर द्यायची नाही. वर्क ऑर्डरच्या आधी सगळं तपासून झालं की बिलाच्या वेळी कागदांचं नाव काढायचा कमिटीला अधिकार नाही. मग मोजमाप बघा, काम बघा आणि पैसे द्या.

नळ दुरुस्तीला आलेल्या प्लंबरला साडेतीनशे रुपयांसाठी पॅन मागू नका, हेही सांगून ठेवतो. साधी पावती पुरे. पण तोच प्लंबर दर महिन्याला येत असेल आणि वर्षाची बेरीज लाखाकडे चालली असेल, तर त्याचा पॅन एप्रिल-मेमध्येच घेऊन ठेवा, मार्चमध्ये पळापळ नको.

आणि कृपा करून ते कागद सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका! कुणाचा पॅन आणि कॅन्सल चेक दीडशे लोकांच्या मोबाइलमध्ये फिरवणं हा पारदर्शकपणा नाही. त्या बिचाऱ्याच्या नावावर उद्या कुणी काय करेल सांगता येत नाही. प्रतीवर आडवं लिहून घ्या, "फक्त अमुक सोसायटीच्या नोंदीसाठी", तारीख आणि सही. फाइल ऑफिसच्या कपाटात. ग्रुपवर एवढंच टाका की कागद तपासले, कुणी तपासले आणि कधी.

तुमच्या सोसायटीत यंदा रंगकाम, लिफ्ट, टाकी, सोलर, काहीही निघालं असेल तर येत्या मीटिंगमध्ये शेडकार्डावर चर्चा सुरू व्हायच्या आधी हात वर करा आणि एवढंच विचारा, "पहिलं पेमेंट कुणाच्या खात्यात जाणार, आणि त्याचे कागद कुणी तपासले?" उत्तर म्हणून फाइल पुढे आली तर कमिटीचं मनापासून कौतुक करा. "ओळखीतला आहे" असं उत्तर आलं, तर तुमचं म्हणणं इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा.

तुमच्याकडे काय पद्धत आहे ते कॉमेंटमध्ये लिहा. ठेकेदार मंडळींनीही लिहा, कागदांच्या नावाखाली तुमचं बिल किती दिवस अडलं ते कळू दे. फक्त नावं घेऊ नका. आणि पटलं असेल तर ही पोस्ट आपल्या खजिनदाराला पाठवा.